टॅरो : मांडणी ‘नाही’ म्हणते आणि प्रश्नकर्तीला नेमकी तीच व्यक्ती हवी असते, तेव्हा

चांदणवेल

मी टॅरो वाचते, बहुतेक ओळखीतून आलेल्यांसाठी, आणि माझ्याकडे रायडर-वेट-स्मिथ डेक आहे. एका प्रश्नकर्तीच्या परवानगीने तिची मांडणी इथे देत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती तिशीतली आहे आणि पुण्यात नोकरी करते. काही वर्षांचे नाते होते, मग ‘मला थोडा वेळ दे’ असे सांगून तो दूर झाला. आता तिने निरोप पाठवला तर तो उत्तर देतो, पण स्वतःहून काही विचारत नाही. तिचा प्रश्न होता : ‘तो लग्नासाठी परत येईल का?’ कार्डे पिसण्याआधी आम्ही मुदत तीन महिन्यांची ठरवली होती.

जागा पाच होत्या. तिची आजची स्थिती : फाइव्ह ऑफ कप्स. या नात्याबाबत त्याचा पवित्रा : फोर ऑफ पेंटॅकल्स. दोघांच्या मधले काय : टू ऑफ कप्स, उलटे. काहीच बदलले नाही तर पुढचा कल : एट ऑफ कप्स. तिच्या हाताशी काय आहे : क्वीन ऑफ सोर्ड्स.

मला हे उत्तर ‘नाही’ असेच दिसते. तिने रीडिंग लिहून मागितले आहे, म्हणजे ती ते पुन्हा पुन्हा वाचणार आणि प्रत्येक शब्दात आशेला जागा शोधणार. ‘नाही’ पातळ न करता तिला उपयोगी पडेल असे वळण कसे द्यावे, याविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

सदाफुली

चांदणवेलताई, वाचून फार वाईट वाटले. तुम्ही धीर सोडू नका. एट ऑफ कप्स म्हणजे तो स्वतःच्या शोधात निघाला आहे, आणि शोध संपला की माणूस घरीच येतो. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत असेच झाले होते, आज त्यांचा संसार सुखाचा आहे. तुम्ही मात्र सारखे निरोप पाठवू नका, एवढेच सांगेन.

चांदणवेल

सदाफुली, तुमच्या आपुलकीबद्दल मनापासून आभार, पण प्रश्न माझा नाही, माझ्याकडे आलेल्या मुलीचा आहे. तुम्ही एट ऑफ कप्सचा जो अर्थ दिलात, तोच अर्थ ती स्वतः काढेल अशी मला काळजी आहे, म्हणून तुमचा प्रतिसाद उपयोगाचा ठरला.

ज्योतिर्विद

मी प्रश्नकुंडली पाहतो, टॅरो थोडेफार जाणतो. आमच्याकडे ताजिक पद्धतीत लग्नेश आणि सप्तमेश यांचा इत्थशाल होत असेल, म्हणजे शीघ्र ग्रह मंद ग्रहाकडे जात असेल, तर कार्य होण्याकडे कल मानतात. ईशराफ असेल, म्हणजे तो ग्रह युती ओलांडून पुढे निघाला असेल, तर ती गोष्ट घडून मागे पडली असे समजतात. तुमच्या मांडणीत मला ईशराफच दिसतो. दुसरे म्हणजे, तोच प्रश्न तिला पुन्हा विचारू देऊ नका. परिस्थितीत काही प्रत्यक्ष बदल झाल्याशिवाय दुसऱ्यांदा मांडलेल्या प्रश्नाला आम्ही महत्त्व देत नाही.

मात्र उलट्या कार्डाचा अर्थ विलंब असा घेतात, असे मी वाचले आहे. मग टू ऑफ कप्स उलटे आले, तर ‘योग आहे, पण उशिरा’ असे म्हणता येईल, आणि त्यामुळे तिला धक्काही कमी बसेल.

पुनर्वसू

ज्योतिर्विदांचा पुन्हा न विचारण्याचा मुद्दा पूर्णपणे पटतो. विलंबाचा मुद्दा मात्र इथे लागू करू नये. उलटे कार्ड कधी अडलेली, कधी उशिरा येणारी, कधी आत वळलेली गोष्ट दाखवते हे खरे, पण त्यातला कोणता अर्थ घ्यायचा हे शेजारची कार्डे ठरवतात. इथे शेजारी फोर ऑफ पेंटॅकल्स आहे. त्या चित्रातल्या माणसाने एक नाणे दोन्ही हातांनी छातीशी धरले आहे, दोन पायांखाली दाबली आहेत आणि एक डोक्यावर आहे. त्याच्याजवळ आहे ते तो सोडणार नाही आणि नवे काही घ्यायला त्याचा हात मोकळाही नाही. ‘उशिरा येईल’ म्हणायला मांडणीत कुठेतरी हालचाल दिसावी लागते : एखादा नाइट, एट ऑफ वाँड्स, निदान सिक्स ऑफ सोर्ड्समधली पलीकडच्या तीराकडे निघालेली नाव. इथे हालचाल फक्त एट ऑफ कप्समध्ये आहे, आणि ती दूर जाण्याची आहे. धक्का कमी बसावा म्हणून अर्थ निवडला, तर ते वाचन कार्डांचे राहत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. माझ्या मते गडबड बहुतेक वेळा वळण देण्याच्या घाईत होते. वाचणारा ‘नाही’ म्हणायला कचरतो, म्हणून ते न म्हणताच वळणावर जातो, आणि प्रश्नकर्तीला वळण तेवढे ऐकू येते. ‘विश्वाने तुझ्यासाठी याहून चांगला कोणी ठेवला आहे’, ‘अजून वेळ आलेली नाही’, ‘तू आधी स्वतःवर प्रेम कर, मग तो येईल’ ही सगळी त्याच घाईची वाक्ये आहेत. पहिल्यात जे कार्डात नाही त्याचे वचन दिले आहे. दुसऱ्यात नकाराची मुदत काढून टाकली आहे. तिसरे मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यात तिच्या सुधारणेलाही त्याच्या परतण्याची किंमत लावली आहे.

मी वळण तपासण्यासाठी एकच कसोटी वापरते : तो कधीच परत आला नाही, तरी हे वाक्य तिच्या कामाचे राहील का? राहणार असेल तर ते खरे वळण आहे, आणि राहणार नसेल तर आपण आशाच दुसऱ्या कपड्यांत पाठवत आहोत.

यासाठी आधी मला एक माहिती हवी आहे. त्याच्या उत्तरावाचून तिचा कोणता निर्णय अडला आहे? ‘तो येईल का’ असे विचारणाऱ्या बहुतेकांचे काहीतरी ठोस काम त्या उत्तराला बांधलेले असते : घर, नोकरी, पैसे, घरच्यांना द्यायचे उत्तर. ते समजले की प्रश्न वळवायला जागा मिळते, कारण नवा प्रश्न आपण शोधून आणायचा नसतो, तिच्याजवळ तो आधीच असतो.

तटस्थ

माझा कार्डांवर विश्वास नाही, तरी चर्चा वाचतो आहे. ज्या माणसाच्या मनात काय आहे हे जाणून घ्यायचे आहे, तो जिवंत आहे आणि निरोपाला उत्तर देतो आहे. मग तिने त्यालाच सरळ का विचारू नये? त्याच्या गैरहजेरीत त्याचा ‘पवित्रा’ वाचणे मला त्याच्यावरही अन्यायाचे वाटते.

पुनर्वसू

तटस्थ, तुमच्या आक्षेपातला दुसरा भाग मी गंभीरपणे घेते. अनुपस्थित माणसाच्या मनात शिरून ‘त्याचे प्रेम उरलेले नाही’ असे लिहिणे मलाही मान्य नाही. कार्ड क्रमांक दोनवरून मी एवढेच म्हणेन की या नात्यात त्याच्याकडून पुढे येणारा हात दिसत नाही. कारण भीती असेल, घरची अडचण असेल, दुसरे कोणी असेल. ते मला ठाऊक नाही आणि मी ते वाचतही नाही. काही वाचक अशी जागाच मांडणीत ठेवत नाहीत, आणि त्यांची भूमिका चुकीची आहे असे मी म्हणणार नाही.

तुमचा पहिला भाग तर या मांडणीतच आहे. पाचव्या जागेवरच्या क्वीन ऑफ सोर्ड्सकडे पाहा. तिच्या एका हातात सरळ उभी तलवार आहे आणि दुसरा हात समोर पुढे केलेला आहे. सरळ विचारणे आणि समोरच्याला बोलायला जागा देणे, दोन्ही एकत्र.

चांदणवेल

पुनर्वसू, तुम्ही सांगितल्याप्रमाणे तिला फोन करून विचारले. तिला चेन्नईची बदली देऊ केली आहे, बढतीसह, आणि होकार किंवा नकार पुढच्या महिन्याअखेरीस कळवायचा आहे. तो पुण्यात आहे म्हणून ती थांबली आहे. कार्यालयात तिने ‘घरचे विचारून सांगते’ असे सांगितले आहे, पण घरच्यांना अजून काहीही सांगितलेले नाही. हे सगळे तिने पहिल्या बोलण्यात सांगितले नव्हते.

ऑकलंडकर

माझी स्वतःची गोष्ट सांगते, कारण मी या मुलीच्या जागी होते. एका वाचणाऱ्या बाईंनी मला लिहून दिले होते की ‘योग्य वेळ आली की तो तुमच्याकडे वळेल’. तो कागद मी पाकिटात घेऊन फिरत असे. त्यांचा हेतू दयेचा होता याची मला खात्री आहे, पण त्या एका वाक्यामुळे मी इकडे येण्याचा निर्णय पुढे ढकलत राहिले. नंतर दुसऱ्या एकीने स्पष्ट ‘नाही’ सांगितले, आणि लगेच त्याच दमात ‘आता याकडे संधी म्हणून पाहा’ असे म्हणून पुढची कार्डे उलगडायला सुरुवात केली. त्यातले मला काहीही आठवत नाही. मला त्या क्षणी फक्त रडायचे होते. म्हणून पुनर्वसू, तुमची कसोटी मला मान्य असली, तरी वळण त्याच बैठकीत द्यावे का, याविषयी मला शंका आहे.

पुनर्वसू

ऑकलंडकर, समोरासमोर बसलेले असताना तुमचे म्हणणे बरोबर आहे, आणि अशा वेळी मी कार्डे तशीच मांडलेली ठेवून गप्प बसते. लिहून देताना अडचण वेगळी आहे. ‘नाही’ एका पत्रात आणि वळण आठ दिवसांनी दुसऱ्या पत्रात दिले, तर मधल्या दिवसांत ती कुठल्यातरी जाहिरातीतल्या वशीकरणवाल्याकडे पैसे भरू शकते. नकार मिळालेला माणूस त्या बाजाराचे पहिले गिऱ्हाईक असतो. दोन्हीतला तोल कसा साधावा याचे पक्के उत्तर माझ्याकडे नाही. चांदणवेलला मी इतकेच सुचवेन की कागद पाठवण्याआधी ‘नाही’ तिला फोनवर सांगावे, आणि तिने ते काय ऐकले हे तिच्याच शब्दांत परत सांगायला लावावे. तिचे पहिले वाक्य ‘म्हणजे तीन महिन्यांनी येईल ना?’ असे असेल, तर नकार पोहोचलेला नाही. तेव्हा वळणाकडे जाऊ नये, तेच वाक्य पुन्हा, त्याच शब्दांत सांगावे. शब्द बदलले की ती दोन वाक्यांतल्या फरकात आशा शोधते.

आता मी हे रीडिंग कसे लिहीन ते सांगते.

सुरुवात चौथ्या कार्डाने करीन, पहिल्याने नव्हे, कारण ती कागद उघडल्यावर उत्तरच शोधणार आहे. ‘तू विचारलेस की तो तीन महिन्यांत लग्नासाठी परत येईल का. या मांडणीत तो येताना मला दिसत नाही.’ इतकेच. यात ‘कदाचित’ नाही, ‘सध्या तरी’ नाही. मुदत आहे, कारण मुदत तुम्ही दोघींनी ठरवली होती, आणि ‘मला दिसत नाही’ आहे, कारण हे वाचन आहे, न्यायालयाचा निकाल नव्हे.

त्यानंतर कारण, दोन कार्डांतून. दुसऱ्या जागी घट्ट धरलेले नाणे, तिसऱ्या जागी उलटे टू ऑफ कप्स, म्हणजे दोघांनी समोरासमोर धरलेले पेले आज समोरासमोर नाहीत. इथे दोष कोणाचा, हे लिहू नये.

मग फाइव्ह ऑफ कप्स. काळा झगा घातलेला माणूस तीन सांडलेल्या पेल्यांकडे पाहतो आहे, दोन उभे पेले त्याच्या पाठीमागे आहेत, आणि दूर एक पूल दिसतो. बहुतेक वाचक इथे चटकन सांगतात की बघ, तुझे दोन पेले शिल्लक आहेत, आणि ते कोणते हेही स्वतःच ठरवतात : करिअर आणि कुटुंब. असे करू नका. तिला विचारा की तुझ्या पाठीमागे कोणते दोन पेले उभे आहेत असे तुला वाटते, आणि कागदावर दोन ओळी रिकाम्या सोडा. तिने एकच ओळ भरली, तरी चालेल.

आणि मग वळण, क्वीन ऑफ सोर्ड्समधून. ‘तो येईल का’ याऐवजी ‘त्याच्या उत्तराची वाट न पाहता मला चेन्नईबद्दल काय ठरवायचे आहे, आणि ते ठरवण्याआधी त्याला एक सरळ प्रश्न विचारायचा आहे का?’ तो परत आला नाही, तरी हा प्रश्न कामाचा आहे. आला, तरीही कामाचा आहे. यासाठी नवे एकही कार्ड लागत नाही, आणि लागूही नये. वळण मिळावे म्हणून क्लॅरिफायर काढत बसलो, तर तिसऱ्या-चौथ्या कार्डाला कधीतरी हवे ते चित्र येते. ७८ कार्डांच्या डेकमध्ये आशादायक चित्रे भरपूर आहेत. मग ती आधीची पाच विसरते आणि ते एकच लक्षात ठेवते.

अबोली

मी नुकतीच शिकते आहे, म्हणून चुकत असेन तर सांगा. वेट यांच्या १९१०च्या सुमाराच्या पुस्तकात क्वीन ऑफ सोर्ड्सच्या अर्थांत वैधव्य, वियोग, स्त्रीचे दुःख असे दिले आहे. प्रश्नकर्तीने इंटरनेटवर शोधले, तर तिला हेच सापडेल. मग हे कार्ड ‘हाताशी असलेले बळ’ म्हणून वाचणे योग्य आहे का?

पुनर्वसू

चांगला प्रश्न आहे, आणि ती शोधणार हे गृहीतच धरा. वेट यांनी तसे लिहिले आहे हे खरे, पण त्या यादीतला एकेक शब्द सुटा उचलायचा नसतो, जागेशी जोडून वाचायचा असतो. हेच कार्ड चौथ्या जागी आले असते, तर वियोग हा अर्थ मी आधी घेतला असता. पाचव्या जागी मी असे वाचते : जिने वियोग पाहिला आहे आणि त्यामुळे जिला आता गोड बोलण्याने फसवता येत नाही, ती. म्हणजे जुना अर्थ टाकून दिलेला नाही. कागदात हे एका वाक्यात लिहून टाकावे, म्हणजे तिला तो शब्द परक्या ठिकाणी, एकटीला भेटणार नाही.

ज्योतिर्विद

विलंबाबाबत माझे मत मागे घेतो. फोर ऑफ पेंटॅकल्सजवळ ते बसत नाही हे समजले. पण एट ऑफ कप्समध्ये जाणारा कोण? तुम्ही सगळे ‘तो’ असे धरून चालला आहात. प्रश्न तिचा आहे, कार्डे तिने पिसली आहेत, मग पाठ फिरवून निघालेली व्यक्ती तीच का नसावी?

पुनर्वसू

हा या मांडणीतला सर्वांत अवघड प्रश्न आहे. हा प्रश्न पडतो तोही पामेला कोलमन स्मिथ यांच्या चित्रामुळे. त्यांनी १९०९च्या या डेकसाठी छोट्या कार्डांवरही माणसे आणि प्रसंग रंगवले. मार्सेय पद्धतीच्या डेकमध्ये इथे फक्त आठ पेले मांडलेले असतात, त्यामुळे पाठ कोणाची हा मुद्दाच उद्भवत नाही. स्मिथ यांच्या चित्रात आठ पेले रचून ठेवलेले आहेत, वरच्या रांगेत एक जागा रिकामी आहे, आणि माणूस काठी घेऊन डोंगराकडे निघाला आहे. पेले पडलेले नाहीत, फुटलेलेही नाहीत. जाणारा ते तसेच ठेवून जातो आहे.

चौथ्या जागेचे नाव ‘काहीच बदलले नाही तर पुढचा कल’ असे आहे, आणि तो कल नात्याचा आहे, म्हणून मी तो त्याचा मानते. पण ज्योतिर्विद म्हणतात तसे वाचले, तर बदलीचा होकार त्यात आधीच दिसतो.

चांदणवेल

मला दुसरे वाचन मोहात पाडते, आणि म्हणूनच ते लिहावे की नाही हे कळत नाही. ‘तूच निघशील’ असे लिहिले, तर तिच्यावर चेन्नई लादल्यासारखे होईल. तिला जायचे नसेल, पुण्यातच राहून त्याच्याशिवाय जगायचे असेल, तर तो तिचा हक्क आहे. मी कागदात एवढेच लिहिणार आहे : ‘या चित्रात कोणीतरी सगळे नीट रचून ठेवून निघाले आहे. तू ते त्याचे पाहशील. ते तुझेही असू शकते का, हे मी ठरवणार नाही.’

तटस्थ

विश्वास नसूनही सांगतो की हे वाक्य मला पटले. ‘ठरवणार नाही’ हे शब्द काढू नका.

ऑकलंडकर

मला हे वाक्य धोक्याचे वाटते. मी तिच्या जागी असते, तर ‘असू शकते का’ यातून मी असा अर्थ काढला असता की निघून जाणारी मीच असेन, तर जाणारा तो नाही, म्हणजे तो अजून तिथेच आहे. नकार आधी स्वच्छ पोहोचला असेल, तरच हे लिहा.

चांदणवेल

ऑकलंडकर, आभार. ते वाक्य कागदात घालणार नाही. फोनवर तिने नकार स्वतःच्या शब्दांत परत सांगितला, तरच बोलून दाखवीन. आज संध्याकाळी फोन करते आणि कागद उद्या पाठवते. पुन्हा तीच मांडणी मागितली, तर महिनाअखेरपर्यंत नाही, आणि त्यानंतरही त्याच्याकडून प्रत्यक्ष काही घडले असेल तरच, असे आधीच सांगणार आहे. तिच्या बोलण्यात जगणे नकोसे झाल्याचा सूर आला, तर कार्डे बाजूला ठेवून टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक देईन आणि तिच्या बहिणीला कळवीन, हेही तिच्याशी आधीच बोललेले आहे.

एक गोष्ट अजून अनुत्तरित आहे. तिने फोनवर ‘फक्त एक कार्ड, शेवटचे’ असे म्हटले, तर काय करावे?

पुनर्वसू

काढू नका. त्याऐवजी तिला विचारा की त्या कार्डात काय दिसावे असे तिला वाटते, आणि ती जे सांगेल ते कागदाच्या खाली तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुढच्या वेळी प्रश्न ठरवताना ते हाताशी असेल.

ज्योतिर्विद

मी एक काढू देतो, पण त्या व्यक्तीबद्दल नाही. ‘आज रात्री मला कशाची गरज आहे’ एवढ्यावरच. पुनर्वसूंना हे मान्य नसेल याची कल्पना आहे.

पुनर्वसू

मान्य नाही, कारण त्या रात्री तिचा प्रत्येक प्रश्न त्याच्याबद्दलचाच असतो, शब्द कोणतेही असोत. पण तुमच्या समोर बसलेल्या माणसाचा चेहरा तुम्हाला दिसतो, मला दिसत नाही.